पीएच.डी. नोंदणी रद्द करताना: अर्ज, तारीख आणि मार्गदर्शकांशी बोलणं

प्रबंध सादर होण्याआधी नोंदणी मागे घेण्यासाठी सहसा कधीही अर्ज करता येतो. पण अडचण आजारपणाची किंवा घरची असेल, तर आधी तात्पुरत्या खंडाची सोय आहे का ते नियमावलीत पाहा. नोंदणी एकदा रद्द झाली की परत येण्यासाठी बहुतेक वेळा नव्याने प्रवेश घ्यावा लागतो.

अर्ज मार्गदर्शकांच्या शिफारशीने विभागप्रमुखांकडे आणि तिथून संशोधन विभागाकडे जातो. म्हणून पहिली बातमी मार्गदर्शकांनाच द्यावी, तीही समोरासमोर. विभागातल्या कुणाकडून त्यांच्या कानावर गेली तर सही अडो न अडो, मन दुखावतंच. बोलून झाल्यावर त्याच दिवशी छोटा मेल पाठवावा: काय ठरलं आणि कोणत्या तारखेपर्यंत काय पूर्ण करून देणार.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. समजा, तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला फेलोशिप आहे, एक शोधनिबंध परीक्षणात आहे आणि १ जुलैला नोकरीवर रुजू व्हायचं आहे. ती २ मे रोजी अर्ज देते, पण त्यात तारीखच लिहीत नाही. कार्यालयाने अर्जाचा दिवस धरला, तर मे-जूनची फेलोशिप परत मागितली जाऊ शकते. समितीच्या मंजुरीचा दिवस धरला आणि बैठक ऑगस्टमध्ये झाली, तर पुढच्या सत्राचं शुल्क अंगावर येतं, शिवाय पगार आणि फेलोशिप एकाच काळातली दिसते. म्हणून अर्जात स्पष्ट लिहावं: ‘वैयक्तिक कारणास्तव माझी नोंदणी ३० जूनच्या कामकाजानंतर रद्द करावी.’ फेलोशिप देणाऱ्या संस्थेलाही हीच तारीख कळवायची. कारण म्हणून ‘वैयक्तिक’ एवढंच लिहिलं तरी पुरे. तक्रारी असतील तर त्या वेगळ्या मार्गाने मांडाव्यात. या कागदावर लिहिलेलं वाक्य फाइलमध्ये कायमचं राहतं.

अर्जासोबत नोंदणीपत्र, शेवटच्या शुल्काची पावती, ओळखपत्र आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह व लेखा विभागाचे ना-देय दाखले लागतात. प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रिका जमा केल्या असतील तर त्या परत मिळण्याची विनंती याच अर्जात करावी. फेलोशिपच्या करारात परतफेडीची अट आहे का, हे मात्र अर्ज देण्याआधीच वाचावं.

संबंध टिकतात ते मधल्या आठवड्यांत. कच्चा डेटा, प्रयोगवह्या, प्रोग्रॅम आणि कोणती फाइल कशाची हे सांगणारी टिपणी मार्गदर्शकांच्या हाती द्यावी. डेटा संस्थेचा असू शकतो, त्यामुळे प्रत सोबत नेण्याआधी विचारावं. परीक्षणात असलेल्या निबंधावर परीक्षकांचे शेरे आले तर उत्तर कोण लिहिणार आणि लेखकांचा क्रम काय राहणार, हे मेलवर ठरवून घ्यावं. शिफारसपत्र हवं असेल तर हे सगळं सुपूर्द केल्यावर मागावं, तेव्हा लिहिणाऱ्याकडेही सांगण्यासारखं काही असतं.

शेवटी मंजुरीचं पत्र घेतल्याशिवाय फाइल बंद झाली असं समजू नये. ते निघालं नाही तर नोंदीत तुम्ही विद्यार्थीच राहता आणि दुसरीकडे प्रवेश घेताना जुनी नोंदणी आडवी येऊ शकते.