चंद्राभोवतीचं खळं : बावीस अंशांचा हिशेब कसा जुळला

तू पाठवलेल्या फोटोत चंद्राभोवती जे मोठं वर्तुळ आहे, ते खळं. ते खरं की कॅमेऱ्याच्या भिंगाचा खेळ, ही तुझी शंका योग्य आहे. चंद्र हाताने किंवा खांबाने झाकून पाहायचं. भिंगातला खेळ असेल तर फोटोतलं वर्तुळ पुसलं जातं. खळं आकाशात असतं, त्यामुळे ते तसंच राहतं.

पण खळ्याची खरी ओळख त्याच्या मापात आहे : चंद्रापासून त्याची आतली कड सुमारे बावीस अंशांवर असते. फोटोत चंद्र भगभगून मोठा दिसतो, म्हणून त्याच्याशी तुलना करून चालत नाही. ताऱ्यांची मदत घ्यावी लागते. तुझ्या फोटोत मृगातले काक्षी आणि राजन्य दोन्ही आले आहेत. आकाशात त्यांच्यात सुमारे १८.६ अंशांचं अंतर आहे. छापलेल्या फोटोवर मी पट्टीने मोजलं, तर ते ५.३ सेंटिमीटर भरलं, आणि चंद्रापासून खळ्याची आतली कड ६.२ सेंटिमीटरवर. ६.२ भागिले ५.३ गुणिले १८.६ म्हणजे जवळपास २१.८ अंश. भिंग कडेला चित्र थोडं ताणतं, त्यामुळे अर्धा-एक अंश इकडेतिकडे धरायचा. तरीही हे माप बावीसच्या इतकं जवळ आहे की शंका उरत नाही. पातळ ढगातल्या पाण्याच्या थेंबांमुळे चंद्राला जे रंगीत वलय पडतं, ते अगदी चिकटून, काही अंशांचंच असतं.

हा बावीसचा आकडा माणसांना फार पूर्वीपासून दिसत होता, पण तो बावीसच का, हे कोणाला सांगता येत नव्हतं. ॲरिस्टॉटलच्या मते खळं म्हणजे ढगावरून होणारं परावर्तन. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी बृहत्संहितेत 'परिवेष' या नावाने खळ्यांची लक्षणं सांगितली. त्यांच्या लेखी चंद्रसूर्याचे किरण वाऱ्यामुळे मंडलाकार होतात आणि विरळ ढगांच्या आकाशात दिसतात. पातळ ढग हवा, हे निरीक्षण अचूक होतं. कोनाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

१६२९ साली रोममध्ये सूर्याच्या दोन्ही बाजूंना 'खोटे सूर्य' दिसले आणि ती बातमी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपर्यंत पोचली. १६३७ मध्ये त्यांनी खळ्याचं कारण बर्फाच्या कणांतून होणाऱ्या वक्रीभवनात शोधलं. दिशा बरोबर होती, पण कणाचा आकार त्यांनी मध्ये फुगीर, भिंगासारखा धरला. पुढे डच शास्त्रज्ञ हायगेन्सनी गोल कण कल्पिला : बाहेर पारदर्शक थर, आत अपारदर्शक गाभा. या कल्पनेत गाभा लहान-मोठा केला की हवा तो कोन मिळतो. मला हाच तिचा मोठा दोष वाटतो. तिथे बावीस हा आकडा आकाशाकडे पाहून आत बसवावा लागतो.

हायगेन्सप्रमाणेच पॅरिसच्या विज्ञान अकादमीत असलेल्या एदम मारियोतनी १६८१ मध्ये साधा लोलक घेतला. बर्फाचा स्फटिक षटकोनी असतो. किरण एका बाजूने आत शिरून, मधली एक बाजू सोडून पुढच्या बाजूने बाहेर पडला, तर त्या दोन बाजूंत ६० अंशांचा कोन असतो. बर्फाचा वक्रीभवनांक १.३१ धरला की अशा लोलकातून किरण किमान किती वळेल, याचं सूत्र असं :

D = 2 × arcsin(1.31 × sin 30°) − 60°

उत्तर २१.८ अंश. यात मनाजोगं बदलायला काहीच नाही. स्फटिकाचा आकार आणि बर्फाचा गुणधर्म दिला की बावीस आपोआप येतो.

ढगात असे असंख्य स्फटिक वेडेवाकडे तरंगत असतात आणि प्रत्येक किरणाला वेगवेगळा वळवतो, २२ पासून सुमारे ४३ अंशांपर्यंत. मात्र किमान वळणाच्या आसपास स्फटिक थोडा फिरला तरी वळण जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे तिथे प्रकाश साचतो आणि कडा उजळते. त्याहून कमी वळण शक्यच नाही, म्हणून खळ्याच्या आतलं आकाश तुझ्या फोटोत बाहेरच्यापेक्षा काळं दिसतं.

इतकं स्वच्छ उत्तर मिळूनही शंभराहून अधिक वर्षं वजन हायगेन्सच्या नावाला राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगनी मारियोतचा लोलक पुन्हा पुढे आणला आणि १८४७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राव्हेनी वेगवेगळ्या खळ्यांचा सविस्तर हिशेब मांडला.

आता फोटो मोठा करून खळ्याची आतली कड पाहा. तिथे तांबूस झाक आहे. लाल प्रकाश सगळ्यात कमी वळतो, म्हणून तो चंद्राच्या बाजूला येतो. चांदण्यात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे त्या रात्री तुला खळं पांढरंच दिसलं असेल. कॅमेऱ्याने काही सेकंद प्रकाश साठवला म्हणून ती झाक फोटोत उतरली.