लाल-हिरव्याचा खुलासा

“रंग भडक असले की फोनवर अक्षरं आपोआप उठून दिसतात ना? आमच्या सोलापुरी चादरीचे लाल-हिरवे रंगच आम्ही कॅटलॉगला वापरलेत.”

नाही. डोळा अक्षर ओळखतो ते मुख्यतः उजळ-गडदपणाच्या फरकावरून. शुद्ध लाल `#FF0000` आणि हिरवा `#008000` डोळ्यांत भरतात खरे, पण दोघांची उजळता जवळजवळ सारखीच. त्यांचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर जेमतेम 1.3 भरतं. वेबच्या सुगम्यता-निकषांत साध्या मजकुरासाठी किमान 4.5 लागतं. त्यात लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी तर ते अक्षर जवळपास नाहीसंच होतं.

तपासणी सोपी आहे. स्क्रीनशॉट काढा, फोटो-एडिटरमध्ये कृष्णधवल करा. किंमत वाचता आली नाही, तर जोडी चुकली. मग एप्रिलच्या दुपारी नवी पेठेत उन्हात उभं राहून एकदा बघाच.

चादरीची ओळख सोडायची गरज नाही. लाल गडद करून मरून `#7B1E2B` घ्या आणि मजकूर फिक्या `#FFF6E5` वर ठेवा. गुणोत्तर 9 च्या वर जातं. हिरवा फक्त काठाच्या पट्टीला राहू द्या, अक्षरांना नको.

फॉन्टचंही तसंच. नक्षीदार अक्षर लोगोपुरतं ठेवा. मजकुराला मुक्तासारखा साधा फॉन्ट, आकार 17-18, आणि ओळींची उंची त्याच्या 1.6 पट, नाहीतर खालचा उकार पुढच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांमधली जागा मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते.