धूसर केलेला खाते क्रमांक परत वाचता येतो

समजा, फोंड्यातल्या एका पतसंस्थेने सभासदांसाठी व्हिडिओ करायला घेतला: घरबसल्या खातं कसं बघायचं. कर्मचाऱ्याने संगणकाची स्क्रीन रेकॉर्ड केली आणि बारा आकडी खाते क्रमांकावर चौकोनी ठिपक्यांचा पडदा टाकला. आता तिथे नुसते राखाडी चौकोन दिसतात. पण क्रमांक पुरता पुसला गेलेला नाही.

ठिपके करताना संगणक काय करतो? ८ × ८, म्हणजे ६४ पिक्सेलचा एक तुकडा घेतो आणि त्या सगळ्यांच्या रंगाची सरासरी त्या तुकड्यात भरतो. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५ धरू. ‘1’ या इंग्रजी आकड्याने १६ पिक्सेल काळे केले असतील तर सरासरी येते १९१. ‘8’ ने २४ केले असतील तर १५९. आकार गेला, पण शाई किती होती ते उरलं.

खोडसाळ माणसाला एवढं पुरतं. वेबसाइट तीच, अक्षरवळण तेच. तो शून्य ते नऊ आकडे स्वतः टाइप करतो, त्यांचे तसेच ठिपके करतो आणि कोणता जुळतो ते पाहतो. पूर्ण क्रमांक एकदम ओळखायचा तर एक लाख कोटी शक्यता; एकेक आकडा सुटा तपासला तर १२ × १० = १२०. एका चौकोनात दोन आकडे आले तरी त्या जोडीच्या शक्यता शंभरच. साधं धूसर करणंही असंच ठरलेलं गणित आहे, त्यामुळे तिथेही हीच युक्ती चालते.

व्हिडिओत धोका आणखी वाढतो. इंग्रजी ‘6’ उलटा केला की बऱ्याच वळणांत ‘9’ होतो, म्हणून एकाच चौकोनात दोघांची सरासरी सारखी येते आणि फोटोत ते ओळखता येत नाहीत. पण पान किंचित वर सरकलं, की आकड्याचा वरचा भाग शेजारच्या चौकोनात जातो. ‘6’ चं पोट खाली, ‘9’ चं वर, त्यामुळे सरासऱ्या लगेच वेगळ्या होतात. प्रत्येक सरकणं म्हणजे त्याच क्रमांकाचं नवं मोजमाप.

म्हणून झाकायचं तर एकरंगी, पूर्ण अपारदर्शक चौकट हवी. तिच्यात मूळ पिक्सेलचा अंशही मिसळत नाही. चौकट आकड्यांपेक्षा ऐसपैस ठेवावी, म्हणजे किती आकडी क्रमांक आहे तेही कळणार नाही. त्याहून उत्तम म्हणजे खोट्या नावाचं सरावाचं खातं उघडून तेच रेकॉर्ड करणं.

चौकट चुकते ती बहुधा कडांवर: पान उघडताना ती एक फ्रेम उशिरा येते किंवा स्क्रोल करताना मागे राहते. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर ही चूक सेकंदाच्या तिसाव्या भागात होऊन जाते. नजरेला ती दिसत नाही, पण व्हिडिओ थांबवणाऱ्याला सापडते. तयार फाइल व्हीएलसीमध्ये उघडून `E` दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. पान बदलण्याच्या आणि स्क्रोलच्या जागा अशा तपासाव्यात. फोनवर रेकॉर्ड केलं असेल तर पासवर्ड टाइप करण्याची जागाही पाहावी. अनेक फोनांवर प्रत्येक अक्षर ठिपका होण्याआधी क्षणभर उघडं दिसतं. तो तुकडा झाकत बसण्यापेक्षा कापूनच टाकावा.