मयत ते तेरवी : मधले दिवस आणि सांत्वनाचे निरोप

विदर्भातल्या खेड्यात माणूस गेला की अग्नी बहुधा त्याच दिवशी दिला जातो. पुण्याहून किंवा नागपूरहून निघालेली मुलं पोहोचेपर्यंत काय तो थांबा. त्यामुळे मृत्यू आणि शेवटचा विधी यांच्यातला काळ इथे अग्नीनंतर सुरू होतो आणि राख सावडणे, दहाव्याला नदीवर दशक्रिया, मग तेरवी असा पुढे जातो. घाईच्या घरात हे सगळं लवकरही आटोपतात.

हे तेरा दिवस नंतरच्या दुःखापेक्षा वेगळे असतात. जीव गेला त्या जागी दिवा तेवत असतो आणि त्यात तेल घालायचं राहू नये एवढंच घरच्या बाईच्या ध्यानात असतं. देवपूजा बंद असते, गोडधोड नसतं. सोयरे ‘बसायला’ येतात. दारात नवं माणूस दिसलं की गळ्यात पडून रडणं होतं, मग चहा होतो आणि पुढची गाडी आली की पुन्हा रडणं. कर्त्या मुलाला मात्र पुष्कळदा रडूच येत नाही. लाकडं, अस्थी कोण नेणार, मुंडण कोणाकोणाचं, तेरवीला किती पानं, उसनवारी कोणाकडून, हे सगळं त्याच्याच डोक्यावर असतं. पाहणाऱ्याला तो दगडासारखा वाटतो, पण धक्क्याने बधिर झालेलं मन कामाच्या आधाराने उभं असतं. ‘मोकळा हो, रड’ असं त्याला सांगणं चुकीचं आहे. कित्येकांचा बांध दहाव्याला, वर्धेकाठी कौंडण्यपूरला पिंड मांडून कावळ्याची वाट पाहताना फुटतो. कावळा शिवत नाही तोवर घरचे एकेक वचन बोलतात, ‘बाबा, लहानीचं लग्न मी करीन’. त्या अर्ध्या तासाइतकं मोकळं बोलणं एरवी त्या घरात क्वचितच झालेलं असतं.

निरोप कसा असावा, हे यावरून ठरतं. मन थकलेलं आणि घर माणसांनी भरलेलं असताना उत्तर मागणारा प्रत्येक निरोप म्हणजे आणखी एक काम. ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य मायेचं खरं, पण काय लागतं ते ठरवण्याचा भार ते दुःखी माणसावरच टाकतं.

उदाहरण घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत वडील गेले आणि शेजारच्या गावातल्या मित्राला फोन आला. त्याने पहिल्या दिवशी एवढंच कळवलं : ‘निघालो. बारापर्यंत पोचतो.’ त्या दिवशी याहून जास्त वाचायला कोणाला वेळ नसतो. तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, त्याने लिहिलं : ‘ढोराइचं चारापानी मी करून रायलो, तू तिकडे पाहू नको.’ यात प्रश्न नाही, म्हणून उत्तरही द्यावं लागत नाही. सहाव्या दिवशी येणं-जाणं जरा ओसरलं, तेव्हाचा निरोप आठवणीचा होता : ‘काकाजीनं मले डवरा धरायले शिकवलं. माह्या ओळी वाकड्या गेल्या, तरी हासले नाही.’ अशी आठवण घरातल्यांना एकमेकांना वाचून दाखवता येते. आठवण पहिल्या दिवशीच पाठवली असती, तर शंभर निरोपांत हरवली असती.

काही गोष्टी टाळायच्याच. ‘कसं काय झालं?’ हे घरच्यांना दिवसातून वीसदा सांगावं लागलेलं असतं. तेच निरोपातून विचारू नये. शेतकऱ्याने स्वतःचा जीव घेतलेला असेल, तर कारण, कर्ज, सरकारी मदत यांचा चकार शब्द काढू नये. ‘आता घर तुलाच पाहायचं आहे’ हे खरं असलं, तरी तेरवीच्या आत त्या पोराला ऐकवू नये. ‘वय झालं होतं, सुटले’ हे घरचे म्हणू शकतात, बाहेरच्याने म्हणू नये. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांचं चित्र टाकून मोकळं होणं तर माझ्या मते निरोपच नाही. घरी एक ओळ स्वतंत्र पाठवावी.

घर कोणत्या परंपरेचं आहे हेही पाहावं. बौद्ध घरांत तेरवी नसते. त्रिशरण-पंचशील घेऊन पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. तिथे ‘आत्म्यास शांती लाभो’ लिहिणं विसंगत ठरतं, कारण धम्म आत्मा मानत नाही. ‘विनम्र अभिवादन’ किंवा ‘भावपूर्ण आदरांजली’ लिहावं.

तेरवीच्या आदल्या दिवशी निरोप पुन्हा कामाचे होतात : पाण्याची टाकी आणतो, सतरंज्या पाठवतो. चौदाव्या दिवशी पाहुणे जातात आणि घर एकदम सुनं पडतं. मित्राने आपला एकमेव प्रश्न त्या दिवसासाठी राखून ठेवला होता : ‘उद्या वेचणीले बाया सांगू का?’