एक शिकागो, तीन नकाशे

शिकागोच्या मध्यात उन्नत रेल्वेचा एक चौकोनी फेरा आहे. त्यावरून तिथल्या व्यापारी पेठेला ‘लूप’ म्हणतात. समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी 1925 मध्ये शहराच्या वाढीची आकृती मांडली ती लूप मध्यभागी ठेवूनच. त्याभोवती पडझडीचं संक्रमण वलय, मग कामगारांची घरं, मग बरी वस्ती आणि शेवटी रोज गाडीने ये-जा करणाऱ्यांची उपनगरं. पूर्वेला मिशिगन सरोवर असल्याने प्रत्यक्षात ही वलयं अर्धीच.

यातलं लूपला लागून असलेलं संक्रमण वलय खरं गमतीचं. जागा महागडी, घरं मात्र मोडकळीला आलेली. असं का? पेठ पसरत आपल्यापर्यंत येणार आणि जमिनीला सोन्याचा भाव मिळणार, हे मालकाला ठाऊक असतं. मग तो कशाला छप्पर शाकारतोय? एकेका घराच्या लहान लहान खोल्या करून तो भाड्याने लावतो. नवे स्थलांतरित तिथे उतरतात, हाती पैसा आला की पुढच्या वलयात सरकतात आणि त्यांच्या जागी दुसरे येतात.

पण लूपच्या उत्तरेला, सरोवराच्या काठी, ‘गोल्ड कोस्ट’ ही शहरातली सर्वांत श्रीमंत वस्ती होती. अंतर मोजलं तर ती नेमकी या पडझडीच्या वलयात येते! अर्थतज्ज्ञ होमर हॉइट यांनी 1939 मध्ये 142 अमेरिकी शहरांतली घरभाडी नकाशांवर मांडली, तेव्हा भाडी वलयांत बसेनात. ती कलिंगडाच्या फोडींसारखी केंद्रापासून बाहेर पसरलेली दिसली. सरोवराचा काठ, उंच जमीन किंवा चांगला रस्ता धरून श्रीमंत वस्ती त्याच दिशेने बाहेर सरकते. रेल्वेमार्गालगत कारखान्यांची फोड तयार होते.

हॉइट यांचा नियमही शिकागोत एकदा ठेचकाळतो. आधी धनिकांचे वाडे लूपच्या दक्षिणेला प्रेअरी अव्हेन्यूवर होते. रेल्वेचा धूर आणि उद्योग जवळ आले, तशी तिथली कळा गेली. व्यापारी पॉटर पामर यांनी 1880 च्या दशकात सरोवराकाठी उत्तरेला वाडा बांधला आणि इतर धनिक मागोमाग गेले. म्हणजे श्रीमंती फोडीतून पुढे न सरकता लूपवरून पलीकडे उडी मारून गेली.

दोन्ही आकृत्यांत केंद्र एकच. भूगोलतज्ज्ञ चॉन्सी हॅरिस आणि एडवर्ड उलमन यांनी 1945 मध्ये तेच सोडून दिलं. त्यांच्या आकृतीत एकाच शहराला अनेक केंद्रं असतात. शिकागोचं गुरांचं प्रचंड मोठं आवार, युनियन स्टॉक यार्ड्स, 1865 मध्ये शहराच्या वेशीबाहेर सुरू झालं होतं. त्याला अनेक रेल्वेमार्ग हवे होते आणि भरपूर मोकळी जागा हवी होती. लूपचं भाडं परवडण्यातलं नव्हतं आणि दुर्गंधीमुळे शेजार कुणालाच नको होता. कामगारांची वस्ती आवाराच्या पाठीशीच झाली. त्यांचं रोजचं जगणं लूपभोवती नव्हे, कत्तलखान्यांभोवती फिरत होतं. ते आवार म्हणजे शहराचं स्वतंत्र केंद्रच.

मला हे तिसरं चित्र सर्वांत खरं वाटतं, पण कामाला सर्वांत कमी येतं. कुठलंही शहर त्यात बसवता येतं. पुढचं केंद्र कुठे उगवेल, हे मात्र ते सांगत नाही. बर्जेस आणि हॉइट निदान चूक ठरण्याइतकं ठाम बोलतात. 1971 मध्ये स्टॉक यार्ड्स बंद झाले. केंद्र गेलं, पण त्याच्याभोवतीची वस्ती तिथेच आहे, आणि तिचं नाव आजही ‘बॅक ऑफ द यार्ड्स’च आहे.