उद्दिष्टावरून मासिक हप्ता काढणे

ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम हाती हवी असेल, तर त्या रकमेपासून मागे येत दरमहा किती गुंतवावे लागेल हे काढण्याची रीत. आवर्ती ठेवीत हप्ता आधी ठरतो आणि शेवटी किती मिळतील ते बँक सांगते. इथे शेवटची रक्कम आधी ठरते आणि हप्ता शोधायचा असतो. मुलांचे उच्च शिक्षण, घराची सुरुवातीची रक्कम किंवा निवृत्ती यांसाठी म्युच्युअल फंडाची एसआयपी किती रुपयांची करायची, हे असेच ठरवतात.

यामागचे गणित एसआयपीपेक्षा कितीतरी जुने आहे. भविष्यातले देणे फेडण्यासाठी नियमित रक्कम बाजूला टाकून ती चक्रवाढीने वाढू द्यायची, याला सिंकिंग फंड म्हणतात. पंतप्रधान असलेल्या धाकट्या विल्यम पिटने ब्रिटनच्या राष्ट्रीय कर्जासाठी १७८६ मध्ये असा निधी उभारला. त्यामागे विचारवंत रिचर्ड प्राइसने केलेला चक्रवाढीचा पुरस्कार होता. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना हा शब्द मासिक बिलातून परिचित आहे. तिथली वर्गणी मात्र बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के अशी सरळ दराने ठरते. पुढे किती खर्च येणार आहे, यावरून ती काढलेली नसते.

उद्दिष्टाची खरी किंमत

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच पायरीवर होते: आजचीच किंमत उद्दिष्ट म्हणून धरली जाते. समजा, मुलगी ३ वर्षांची आहे आणि १५ वर्षांनी तिच्या पदवी शिक्षणासाठी पैसे लागणार आहेत. त्याच शिक्षणाला आज १२ लाख रुपये लागतात आणि हा खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढेल असे धरले. १.०८ चा पंधरावा घात सुमारे ३.१७ येतो, म्हणजे १५ वर्षांनी लागणारी रक्कम ३८,०६,६०० रुपयांच्या आसपास जाते. इथे घराघरांतल्या किराणा-भाजीची सरासरी महागाई धरू नये. ज्या गोष्टीसाठी पैसे साठवायचे, तिचीच किंमत गेल्या काही वर्षांत कशी वाढली ते पाहावे. त्या महाविद्यालयाची जुनी शुल्कपत्रके मिळाली, तर ती यासाठी सर्वांत उपयोगी.

आधीची शिल्लक वजा करणे

या कुटुंबाने मुलीच्या नावे २ लाख रुपये आधीच बाजूला ठेवले आहेत. वार्षिक १० टक्के परतावा धरला, तर १५ वर्षांत त्यांचे सुमारे ८,३५,४०० होतात. आजचे २ लाख उद्दिष्टातून तसेच वजा करून चालत नाही. त्यांची १५ वर्षांनंतरची किंमत वजा करायची. उरलेले २९,७१,२०० रुपये मासिक हप्त्यांतून उभे राहायला हवेत.

हप्ता

महिन्याच्या सुरुवातीला गुंतवलेल्या हप्त्यासाठी सूत्र असे आहे:

```
P = F × i / [((1+i)^n − 1) × (1+i)]
```

यात `F` म्हणजे उरलेली रक्कम, `n` म्हणजे महिन्यांची संख्या (इथे १८०) आणि `i` म्हणजे मासिक दर. मासिक दर काढताना अनेकदा १० टक्क्यांना सरळ १२ ने भागतात. मग ०.८३३ टक्के येतात, आणि ते महिन्याच्या चक्रवाढीने वर्षाला १०.४७ टक्के होतात. म्हणजे नकळत परतावा वाढवून धरला जातो. वर्षाला नेमके १० टक्के हवे असतील, तर १.१ चे बारावे मूळ काढायचे, म्हणजे दर ०.७९७ टक्के येतो. या दराने हप्ता ७,३९८ रुपये येतो. भागाकाराच्या पद्धतीने ७,१०९. महिन्याला तीनशे रुपयांहून थोडा कमी असा हा फरक, पण परतावा खरोखर १० टक्केच मिळाला, तर कमी हप्त्याने शेवटी एक लाख सोळा हजारांच्या आसपास तूट पडते. संगणकातल्या तक्त्यात सगळा हिशेब एका ओळीत होतो:

```
=PMT(1.1^(1/12)-1, 180, -200000, 3806603, 1)
```

उत्तर ऋण चिन्हासह येते, कारण तो पैसा खिशातून जातो. शेवटचा `1` हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरतो असे सांगतो.

महागाई विसरून १२ लाखच उद्दिष्ट धरले असते, तर हप्ता ९०८ रुपये आला असता. दोन्ही हप्ते शेजारी ठेवले की पहिली पायरी का चुकवायची नाही ते लगेच कळते.

धरलेल्या परताव्यावर सगळे अवलंबून

हप्ता रुपयापर्यंत नेमका येतो, पण तो ज्या परताव्यावर उभा आहे तो केवळ अंदाज असतो. याच उदाहरणात ८ टक्के धरले तर हप्ता ९,३३६, आणि १२ टक्के धरले तर ५,६९८. शेवटचा आकडा घरच्या अंदाजपत्रकात सहज बसतो, म्हणून तोच निवडण्याचा मोह होतो. पण १२ टक्के धरून ५,६९८ भरले आणि प्रत्यक्षात ८ टक्केच मिळाले, तर १५ वर्षांनी हाती सुमारे २५ लाख ७० हजार येतात आणि १२ लाखांहून अधिक कमी पडतात. हप्ता झेपत नसेल, तर परतावा वाढवून धरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. हप्ता दरवर्षी वाढवत नेता येतो: १० टक्के परतावा आणि दरवर्षी हप्त्यात १० टक्के वाढ धरली, तर पहिल्या वर्षी ४,१२६ रुपये पुरतात. मात्र पंधराव्या वर्षी तोच हप्ता सुमारे १५,६७० होतो, तेव्हा पगार तितका वाढेल का याचा विचार आधीच करावा.

कराचाही हिशेब वेगळा करावा लागतो. समभाग फंडातून सगळी रक्कम एकाच वर्षी काढली, तर २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार १.२५ लाखांवरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. वरच्या उदाहरणात उपकर सोडून तो २ लाख ६८ हजारांच्या घरात जातो. तो धरून उद्दिष्ट वाढवावे, किंवा पैसे काही वर्षांत विभागून काढावेत.

वर्षातून एकदा फेरहिशेब

हप्ता एकदा काढून पंधरा वर्षे तसाच ठेवायचा नसतो. ७,३९८ चा हप्ता चालू असताना पाच वर्षांनी सुमारे ८ लाख ९३ हजार जमायला हवेत. प्रत्यक्षात ८ लाखच असतील, तर उरलेल्या १० वर्षांसाठी तेच सूत्र नव्याने चालवायचे: ८ लाखांची पुढची वाढ वजा करून उरलेल्या रकमेसाठी हप्ता ८,५९५ येतो. तूट लवकर दिसली, तर महिन्याला बाराशे रुपयांची वाढ पुरते. तीच तूट शेवटच्या वर्षापर्यंत वाढू दिली, तर ती भरून काढायला बारा महिनेच उरतात.

शेवटच्या काही वर्षांत सूत्रातला एकच स्थिर दर खरा राहत नाही. जमलेली रक्कम तेव्हा सर्वांत मोठी असते, म्हणून त्या वेळची घसरण सर्वांत जास्त नुकसान करते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो ८,००० च्या खाली आला. त्याच सुमारास शुल्क भरायचे असलेल्यांना बाजार सावरण्याची वाट पाहायला वेळ नव्हता. म्हणून उद्दिष्टाच्या साधारण तीन वर्षे आधीपासून पैसे टप्प्याटप्प्याने समभागांतून मुदत ठेवीत किंवा अल्प मुदतीच्या कर्जरोखे फंडात हलवतात. त्या काळाचा परतावा कमी असतो, आणि हप्ता काढतानाच तेवढ्या वर्षांसाठी कमी दर धरला, तर आकडा थोडा मोठा येतो.