प्लेटखालचं होम: स्क्रॅबलमधल्या दोन अक्षरी शब्दांची गोष्ट

जुळे सोलापुरात आम्ही काहीजण रविवारी दुपारी स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांचे ठोकळे जुळवून शब्द करायच्या खेळाचा, पट मांडतो. नवा माणूस आला की तासाभरात हमखास विचारतो, "ए-एच हा काय शब्द आहे का हो?" आहे. आणि तो का आहे, हे कळलं की त्या माणसाचा खेळ बदलतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

अमेरिकेतल्या मंदीत नोकरी गेलेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी 1930च्या दशकात हा खेळ रचायला घेतला. पहिल्या रूपाचं नाव लेक्सिको. त्यात पट नव्हताच, हातातल्या ठोकळ्यांचे शब्द जुळवायचे एवढंच. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्यांनी वर्तमानपत्रं घेऊन मोजलं होतं. एस मात्र त्यांनी मुद्दाम चारच ठेवले. कुठल्याही नामाला एस चिकटवून अनेकवचन करता आलं तर खेळ फारच सोपा होईल, ही त्यांची धास्ती. आज आपण ज्याला हूक म्हणतो, म्हणजे तयार शब्दाच्या मागे किंवा पुढे एक अक्षर लावून त्याचा नवा शब्द करणं, त्याची ताकद त्यांना तेव्हाच दिसली होती.

1938 च्या सुमारास पट आला, आणि खरा फरक तिथे पडला. ठेवलेलं अक्षर आडव्या शब्दात बसतं तसंच उभ्याही शब्दात बसलं पाहिजे, आणि गुण दोन्हीकडचे मिळतात. हातमागाच्या गावात हे समजवायला मला कधी कष्ट पडले नाहीत: ताण्याचा धागा उभा, बाण्याचा आडवा, आणि दोन्ही एकमेकांना छेदतात तिथेच कापड विणलं जातं. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो यांनी या खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं.

आता प्रत्यक्ष पट बघा. समोरच्याने आठव्या ओळीत पहिलाच शब्द 'प्लेट' लावलाय. तुमच्या हातात एच, ओ, एम, ई आहेत.

```
    D E F G H I
8   P L A T E .
9   . . H O M E
```

बहुतेक नवे खेळाडू 'प्लेट'च्या शेवटच्या ई वर 'होम' उभं उतरवतात. एच चे 4, ओ चा 1, एम चे 3, ई चा 1, झाले 9. तोच शब्द वर दाखवल्यासारखा 'प्लेट'च्या खाली समांतर ठेवा. ओ आणि ई खालची घरं अक्षराचे गुण दुप्पट करणारी आहेत, म्हणून आडव्या 'होम'चे 11. शिवाय तीन उभे शब्द तयार झाले: ए-एच चे 5, टी-ओ चे 3 (दुप्पट झालेला ओ इथेही दुप्पटच धरायचा), ई-एम चे 4. एकूण 23. शब्द तोच, जागा बदलली.

ए-एच आणि ई-एम माहीत नसतील तर ही जागा डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून दोन अक्षरी शब्दांची यादी पाठ करायची. अर्थ कळला तर उत्तम, पण पटावर अर्थ कोणी विचारत नाही. एकेकाळी ज्याच्या घरी जो शब्दकोश, तोच प्रमाण, आणि त्यावरून भांडणं. 1978 मध्ये अमेरिकेत खेळाडूंसाठी स्वतंत्र अधिकृत शब्दकोश निघाला, ब्रिटनमध्ये 1988 मध्ये यादी आली, आणि दोन अक्षरी शब्द ही अभ्यासाची गोष्ट झाली. यादी वाढतही राहिली. अमेरिकेत क्यू-आय आणि झेड-ए 2006 मध्ये आले. 10 गुणांचा क्यू आता यू शिवाय सुटू लागला. भारतात स्पर्धा कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाच्या यादीवर होतात, तेव्हा पाठ करायची तीच. फोनवरच्या ॲपमध्ये दुसरी यादी असू शकते.

चूक कुठे होते? 'होम'ऐवजी 'होप' ठेवून बघा. आडवं अगदी बरोबर, ए-एच आणि टी-ओ ही बरोबर, पण तिसरा उभा शब्द ई-पी होतो आणि तो यादीत नाही. समोरच्याने हरकत घेतली की चारही ठोकळे परत उचलायचे, गुण शून्य. एक सांधा चुकला की सगळी खेळी जाते, म्हणून हात काढण्याआधी प्रत्येक उभी जोडी पुटपुटून घ्यावी.

हूकचंही भान ठेवायचं. 'प्लेट'मागे एस लागतो, पण 'होम' ठेवल्यावर त्या एसच्या खाली ई आला आणि एस-ई हा शब्द नाही. म्हणजे नुसता एस आता तिथे बसणार नाही. 'नोज' उभा उतरवला तर मात्र बसतो: त्याचा शेवट एस-ई असाच आहे, आणि ई तिथे आधीच पडलेला. डी ला तर तेवढंही लागत नाही, कारण डी-ई हा शब्द आहे. आणि 'होम'च्या मागे एस, डी, आर, वाय यांच्यासाठी तुम्ही नवं दार उघडलंय. हातात एखादा एस उरला असेल तर ते दार तुमचंच. नसेल, तर समोरच्याने अजून किती एस खेळलेले नाहीत ते मोजून मगच 'होम' ठेवा.